डिजिटल घड्याळाचा प्रत्येक बटणाला वाजणारा बीप बंद कसा करायचा, आणि लाईट कमी वाटत असेल तर काय काय करता येतं

डिजिटल घड्याळ घेतलं की पहिले दोन दिवस तो टिक टिक बीप छान वाटतो, नंतर तोच डोक्यात जातो. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसणारा माझा भाचा आहे, त्याच्याकडे कॅसिओचं एई-१२०० आहे, ते नकाशावालं. तिथे टाचणी पडली तरी ऐकू येते आणि हा स्टॉपवॉच लावून पेपर सोडवणार, म्हणजे चालू करताना बीप, बंद करताना बीप, मोड बदलताना बीप, आणि आजूबाजूची चार डोकी वर. त्याला जे सगळं दाखवलं तेच इथे नीट लिहितोय, मुख्यतः कॅसिओसाठी, कारण आपल्याकडे डिजिटल घड्याळ म्हटलं की दहातल्या बऱ्याच हातांवर तेच असतं, आणि शेवटी टाइमेक्सबद्दल आणि ज्या घड्याळात ही सेटिंगच नाही त्या एफ-९१डब्ल्यू बद्दलही.

आधी बघा, नक्की कुठला बीप त्रास देतोय

हे वाचून काही जण म्हणतील की बीप तो बीप, पण तसं नाहीये, घड्याळात तीन वेगवेगळे आवाज असतात आणि तिन्हींचे स्विच वेगळे असतात. बटण दाबलं की लगेच वाजतो तो बटणाचा आवाज. तुम्ही हातही लावला नाही आणि बरोबर दहा वाजता, अकरा वाजता टिट-टिट वाजलं तर तो तासाचा टोल. आणि ठरलेल्या वेळी काही सेकंद सलग वाजत राहतो तो अलार्म. बरेच लोक बटणाचा आवाज बंद करतात आणि मग दर तासाला वाजलं की सेटिंग झालीच नाही म्हणतात, तर सेटिंग झालेली असते, फक्त टोल चालूच असतो. कॅसिओत बटणाचा आवाज बंद केला तरी अलार्म, तासाचा टोल आणि टायमर संपल्याचा आवाज हे सगळं पहिल्यासारखंच वाजतं, आणि ते बरंच आहे, नाहीतर सकाळचा अलार्म पण गेला असता.

तासाचा टोल बंद करायचा असेल तर एई-१२०० मध्ये मोड दाबत अलार्मच्या स्क्रीनवर जा, मग उजवीकडचं खालचं बटण दाबत राहा, पाच अलार्म एकामागे एक येतात आणि त्यांच्याबरोबरच `SIG` येतं. ते दिसत असताना डावीकडचं वरचं बटण एकदा दाबलं की टोल चालू असेल तर बंद होतो, बंद असेल तर चालू. एफ-९१डब्ल्यू मध्ये अलार्मच्या स्क्रीनवर उजवीकडचं एकच बटण आहे, ते दाबत गेलं की अलार्म आणि टोल यांच्या खुणा आळीपाळीने येतात-जातात, दोन्ही खुणा गेल्या की दोन्ही बंद.

घड्याळाच्या पाठीवरचा नंबर

कॅसिओचं घड्याळ उलटं करून पाठीवर बघा, स्टीलच्या झाकणावर एका छोट्या चौकटीत तीन किंवा चार आकडी नंबर कोरलेला असतो. तो मॉड्यूल नंबर, म्हणजे आतल्या मशीनचा नंबर. एफ-९१डब्ल्यू वर ५९३ असतो, एई-१२०० वर ३१९८ किंवा ३२९९. मॉडेलचं नाव काहीही असो, बटणं कशी चालणार हे ह्या नंबरवर ठरतं, एकाच नावाच्या जुन्या आणि नव्या घड्याळात मशीन वेगळं असू शकतं. कॅसिओच्या वेबसाईटवर हा नंबर टाकला की त्याच मशीनचं माहितीपत्रक फुकट मिळतं, त्यामुळे एखादा व्हिडिओ बघून तसंच केलं तरी होत नाहीये असं झालं तर आधी नंबर जुळतोय का ते बघा. चष्मा लागेल किंवा मोबाईलने फोटो काढून मोठा करून बघा, फार बारीक कोरलेला असतो.

एई-१२०० चा बीप बंद करणं

ह्यात सेटिंगमध्ये शिरायची पण गरज नाही. डावीकडे दोन बटणं आहेत, वरचं अॅडजस्ट आणि खालचं मोड, उजवीकडे वरचं लाईट आणि खालचं सर्च. घड्याळ साध्या वेळेच्या स्क्रीनवर ठेवा, डावीकडचं खालचं मोड बटण दाबा आणि दाबूनच धरा, साधारण तीन सेकंद. स्क्रीनवर `MUTE` अशी बारीक अक्षरं आली की सोडा. झालं. आता कुठलंही बटण दाबा, आवाज येणार नाही. परत हवा असेल तर तसंच मोड दाबून धरा, `MUTE` निघून जातं.

इथे एक गोष्ट होते आणि लोक तिथेच गडबडतात. मोड हेच बटण स्क्रीन बदलायचं पण आहे, त्यामुळे तुम्ही दाबल्या दाबल्या घड्याळ पुढच्या स्क्रीनवर जातं, म्हणजे वेळ जाऊन जगातल्या शहरांची वेळ दिसायला लागते. ते बघून माणूस घाबरून बोट उचलतो आणि बीप तसाच राहतो. तर स्क्रीन बदलली तरी बदलू दे, बोट उचलायचं नाही, `MUTE` दिसेपर्यंत धरून ठेवायचं, आणि नंतर मोड दाबत दाबत परत वेळेवर यायचं, ते सुद्धा आता बिनआवाजाचं. आकडे लुकलुकत असताना म्हणजे सेटिंग उघडी असताना हे चालत नाही, तेव्हा आधी डावीकडचं वरचं अॅडजस्ट दाबून बाहेर या.

उलटाही प्रकार होतो, म्हणजे ज्याला बीप हवा असतो त्याचा एक दिवस अचानक बंद होतो. बॅगेत किंवा जाड बाह्याच्या स्वेटरमध्ये मोडचं बटण दाबलं गेलेलं असतं, बाकी काही नाही. स्क्रीनवर `MUTE` आहे का बघा, असेल तर घड्याळ बिघडलेलं नाही.

ज्या घड्याळात हे सेटिंगच्या आत असतं

जी-शॉकच्या बऱ्याच घड्याळांत मोड धरून काही होत नाही, तिथे बीप आणि लाईट दोन्ही सेटिंगच्या शेवटाला असतात. चौकोनी सोलर जीडब्ल्यू-एम५६१० घ्या उदाहरणाला. वेळेच्या स्क्रीनवर डावीकडचं वरचं अॅडजस्ट दाबून धरा, जोपर्यंत शहराचं तीन अक्षरी नाव लुकलुकायला लागत नाही तोपर्यंत. भारतातलं घड्याळ असेल तर तिथे `DEL` म्हणजे दिल्ली असायला हवं. आता हात जपून. ह्या घडीला उजवीकडचं खालचं बटण दाबलंत तर शहर बदलतं आणि त्याच्याबरोबर अख्खी वेळ बदलते, टोकियोवर गेलं की घड्याळ साडेतीन तास पुढे. तर इथे फक्त डावीकडचं खालचं मोड बटण वापरायचं, त्याने नुसतं पुढच्या सेटिंगवर जातं, बदलत काही नाही.

मोड दाबत गेलं की क्रमाने शहर, मग उन्हाळी वेळ, बारा-चोवीस तास, सेकंद, तास, मिनिटं, वर्ष, महिना, तारीख असं सगळं येऊन जातं आणि त्याच्या पुढे `KEY` आणि त्याच्यासोबत संगीताच्या सुराची खूण, किंवा `MUTE`, ह्यातलं एक लुकलुकतं. हेच आपलं. `KEY` म्हणजे बीप चालू, `MUTE` म्हणजे बंद. आता उजवीकडचं खालचं बटण एकदा दाबलं की एकाचं दुसरं होतं. मग घाई करून बाहेर पडू नका, मोड अजून एकदा दाबा, लाईटची सेटिंग लगेच त्याच्या पुढेच आहे, ती पुढे सांगतो. सगळं झालं की अॅडजस्ट एकदा दाबून बाहेर.

सेकंद लुकलुकत असतानाही उजवीकडचं खालचं बटण दाबू नका, सेकंद शून्य होतात, आणि तेव्हा सेकंद तीस ते एकोणसाठच्या मध्ये असतील तर मिनिटही एकने वाढतं. मग तुम्हाला वाटतं घड्याळ चुकीचं चालतंय. चुकून दाबलं गेलंच तर मोबाईलवरची वेळ समोर ठेवून त्याच जागी येऊन शून्यावर जुळवून घ्या, मिनिट पुढे गेलं असेल तर मिनिटांवर जाऊन तेही मागे घ्या, फार मोठं काम नाही.

मोड कितीदा दाबायचं हा आकडा पाठ करत बसू नका, मशीनप्रमाणे तो कमीजास्त होतो. स्क्रीनवर `KEY` किंवा `MUTE` येतंय का तेवढंच बघत राहा. फिरून परत शहराचं नाव आलं आणि मध्ये कुठेच ते दिसलं नाही तर त्या घड्याळात ती सेटिंग तिथे नाही, इतकंच, आणि तुम्ही फक्त मोड दाबत होतात त्यामुळे काही बिघडलेलंही नाही.

लाईट: किती वेळ हे बदलतं, किती उजेड हे नाही

आता हे स्पष्ट सांगतो कारण ह्यात लोकांचा खूप वेळ जातो. साध्या डिजिटल घड्याळात मोबाईलसारखा उजेड कमीजास्त करायचा पट्टा नसतो. जी सेटिंग असते ती लाईट किती वेळ राहणार ह्याची. स्क्रीनवर `LT1` आणि `LT3` असं दिसतं, `LT1` म्हणजे साधारण दीड सेकंद आणि `LT3` म्हणजे साधारण तीन सेकंद. नवीन घड्याळ बहुतेक वेळा दीड सेकंदावर असतं आणि रात्री झोपेतून उठून डोळे चोळत बघताना दीड सेकंदात काही कळत नाही, मग लाईटच मंद आहे असं वाटतं. ज्यांनी मला लाईट डल आहे म्हणून घड्याळ दाखवलं त्यातल्या बऱ्याच जणांचं काम नुसतं `LT3` केल्यावर झालं, कारण डोळ्याला अंधारात आकड्यांवर स्थिरवायला तेवढा वेळ लागतोच.

जीडब्ल्यू-एम५६१० मध्ये वर सांगितल्याप्रमाणे `KEY`/`MUTE` नंतर मोड एकदा दाबलं की `LT1` लुकलुकतं, उजवीकडचं खालचं बटण दाबून `LT3` करा, अॅडजस्ट दाबून बाहेर या आणि लाईट लावून बघा. बाकीच्या कॅसिओतही हाच शोध घ्यायचा, अॅडजस्ट धरून आत जा, मोड दाबत फिरा, `LT` दिसलं तर बदला. एफ-९१डब्ल्यू मध्ये ही भानगडच नाही, तिथे डावीकडचं वरचं बटण जितका वेळ दाबून धराल तितका वेळ लाईट राहते, टिचकी मारून सोडू नका, धरून ठेवा.

जी-शॉकच्या अशा घड्याळांत ऑटो लाईट पण असते, म्हणजे वेळेच्या स्क्रीनवर लाईटचं बटण सुमारे तीन सेकंद धरलं की चालू होते आणि मग मनगट आडवं धरून आपल्याकडे साधारण ४० अंश कलतं केलं की लाईट आपोआप लागते. दोन्ही हातात पिशव्या असल्या की हे फार उपयोगी आहे. पण एम५६१० मध्ये ती सुमारे सहा तासांनी स्वतःच बंद होते, दुसऱ्या दिवशी लागली नाही तर बिघाड समजू नका, परत चालू करायची. बाईक चालवताना मात्र बंद ठेवा, लाईट लागली की नजर तिकडे जाते, आणि कॅसिओच्या माहितीपत्रकातही गाडी चालवताना ही सोय वापरू नका असंच लिहिलेलं आहे.

मग लाईट खरंच मंद असेल तर

आधी घड्याळात कुठल्या प्रकारची लाईट आहे ते ओळखा. अंधाऱ्या खोलीत लावून बघा. एका कडेने उजेड येतोय आणि दुसऱ्या कडेचे आकडे अंधारात राहतायत, तर आत एक छोटा एलईडी आहे, जसा एफ-९१डब्ल्यू मध्ये डावीकडून हिरवा येतो. त्याचं असंच असतं, पहिल्या दिवसापासून, उजवीकडचे सेकंद जेमतेमच दिसतात. अख्खी काच एकसारखी निळसर हिरवी उजळते तर तो चमकणारा पडदा, इलेक्ट्रोल्युमिनेसंट, आकड्यांच्या पाठीमागे पातळ पत्रा असतो तो स्वतःच पेटतो. कॅसिओवर इल्युमिनेटर असं छापलेलं असतं पण नुसत्या त्या शब्दावर जाऊ नका, एलईडीवाल्या काही घड्याळांवरही तो असतो. पडद्याची लाईट लावताना कान जवळ नेला तर बारीक किर्र असा आवाज येतो, तो पडदा थरथरतो म्हणून येतो, बिघाड नाही, आणि बीप बंद केल्याने तो जाणारही नाही. हा पडदा खूप वर्षं वापरल्यावर हळूहळू फिका पडतो, त्याला सेटिंग नाही.

पण बहुतेक वेळा जुन्या घड्याळाची लाईट मंद होते ती सेलमुळे. ओळखायची खूण अशी की लाईट लावली की आकडे पण फिके होतात, किंवा क्षणभर गायब होतात. नुसती वेळ दाखवायला घड्याळाला अगदी नगण्य करंट लागतो, लाईटला त्याच्या कित्येक पट, आणि सेल दमला असेल तर एवढा भार आल्यावर त्याचा व्होल्टेज खाली बसतो. म्हणून वेळ बरोबर दिसतेय म्हणजे सेल चांगला आहे असं नाही. एफ-९१डब्ल्यू ला सीआर२०१६ लागतो आणि तो साधारण सात वर्षं जातो म्हणतात, एई-१२०० ला सीआर२०२५ आणि तिथे दहा वर्षं, पण घड्याळात आलेला सेल कारखान्यात टाकलेला असतो आणि दुकानात पडून राहिलेला काळ त्यातच गेलेला असतो, वर तुम्ही लाईट सारखी वापरत असाल तर आणखी कमी. दोन सेलचा आकार वरून सारखाच, २० मिलीमीटर, फक्त जाडी १.६ आणि २.५, त्यामुळे दुकानदार देईल तो घेऊ नका, नंबर बघून घ्या, जाड सेल पातळच्या जागी दाबून बसवला तर पट्टी वाकते.

सोलर घड्याळाचं वेगळं. तिथे `L` दिसत असेल तर चार्ज कमी आहे आणि घड्याळ मुद्दाम लाईट आणि आवाज बंद ठेवतं. `RECOV` लुकलुकत असेल तर तुम्ही थोड्या वेळात लाईट वगैरे फार वापरली, थोडं थांबलं की पूर्ववत होतं. आणि कपाटात ठेवलेलं घड्याळ रात्री कोरं दिसलं तर ते पॉवर सेव्हिंगमध्ये गेलेलं असतं, कुठलंही बटण दाबा. खिडकीत उजेडाला ठेवा, पण भर उन्हात तापलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर नको, उष्णतेने काचेतले आकडे काळवंडतात.

अजून एक, अलार्म वाजत असताना कॅसिओची लाईट बंद होते, ते तसंच बनवलेलं आहे. आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे आकडे असलेलं घड्याळ दिसायला भारी असतं पण संध्याकाळच्या अर्धवट उजेडात ते कायम कमीच दिसतं, ते लाईटचं नाही, त्या काचेचं आहे. डोळ्यांना त्रास असणाऱ्यांसाठी, आईवडलांसाठी घेत असाल तर पांढऱ्या पार्श्वभूमीचं आणि पडद्याच्या लाईटचं घ्या, एफ-९१ सारखंच साधं हवं तर एफ-१०५डब्ल्यू, जरा बरं हवं तर ए१६८.

टाइमेक्स असेल तर

आयर्नमॅन वगैरे घड्याळांत सेट बटण धरून आत जायचं आणि नेक्स्ट दाबत वेळ, तारीख सगळं ओलांडत शेवटाकडे यायचं, तिथे तासाचा टोल आणि बटणाचा बीप असे दोन वेगळे पर्याय येतात, प्रत्येकाला चालू-बंद. लाईटसाठी त्यांची नाईट मोड मला फार आवडते. इंडिग्लोचं बटण तीन-चार सेकंद धरलं की स्क्रीनवर चंद्राची खूण येते, आणि मग कुठलंही बटण दाबलं तरी लाईट लागते, अंधारात लाईटचंच बटण शोधत बसायला नको. ती साधारण आठ तासांनी आपोआप जाते, म्हणजे रात्रीपुरती बरोबर.

एफ-९१डब्ल्यू, ज्यात बीप बंदच होत नाही

एफ-९१डब्ल्यू १९८९ पासून तसंच विकलं जातंय आणि त्यात बटणाचा बीप बंद करायची सेटिंग नाही. कुठलंही बटण कितीही धरा. उजवीकडचं तीन सेकंद धरलं तर स्क्रीनवर `CASIo` येतं, ते घड्याळ ओरिजिनल आहे का बघायला लोक वापरतात, बीपशी त्याचा संबंध नाही.

तरी बंद करायचाच असेल तर घड्याळ उघडावं लागतं, आणि लक्षात ठेवा की ह्याने अलार्म आणि टोल पण जाणार, सगळाच आवाज जाणार. पाठीला चार बारीक स्क्रू आहेत, चष्म्याच्या पान्यातला प्लसचा सगळ्यात छोटा घ्या, पांढऱ्या कापडावर काम करा. झाकण उचललं की त्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेली एक गोल पातळ चकती दिसेल, तीच वाजते. आणि मशीनमधून वर आलेली एक इवलीशी स्प्रिंग त्या चकतीला टेकते, तिच्यातून करंट जातो. ही स्प्रिंग नुसती खोबणीत उभी असते, झाकण उलटं करताना उडून जाते आणि मग सापडत नाही, म्हणून घड्याळ काच खाली आणि पाठ वर असंच ठेवायचं, उचलायचं नाही. चकतीवर जिथे स्प्रिंग टेकते तिथे सेलोटेपचा शर्टाच्या छोट्या बटणाएवढा तुकडा चिकटवा. बस, जोड तुटला, आवाज गेला. स्प्रिंग काढून टाकली तरी तेच होतं, पण टेप बरी, कारण उद्या आवाज हवा झाला तर टेप सोलली की झालं.

बंद करताना काळं रबरी रिंग आपल्या खोबणीत पूर्ण बसलंय का ते कडेकडेने बघा, कुठे दुमडलं असेल तर पावसात पाणी आत जातं. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, जोर लावू नका, बॉडी प्लास्टिकची आहे, आटे जातात. झाकण लावायच्या आधी एकदा नुसतं वर ठेवून, हाताने दाबून, मोडचं बटण दाबून बघा आवाज येतोय का, येत असेल तर टेप सरकलीये. आणि उघडलंच आहे तर सेल जुना असेल तर तोही बदलून टाका, फक्त नवीन सेल टाकल्यावर पट्टीवर `AC` लिहिलेला ठिपका आणि सेलची वरची बाजू हे दोन्ही धातूच्या चिमट्याने दोनेक सेकंद एकत्र टेकवा, स्क्रीन नव्याने सुरू होते. हे केलं नाही तर कधी कधी आकडे अर्धवट येतात किंवा लाईट लागत नाही आणि मग नवीन सेलच खराब निघाला असं वाटतं.